सकाळी पावणेआठचा मेल

रजेचा अर्ज आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो. ‘माननीय वर्गशिक्षक यांस’ अशी सुरुवात, मधे ताप आल्याचं कारण, ‘कृपया रजा मंजूर व्हावी ही विनंती’ आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. पुढे नोकरी लागते, भाषा इंग्रजी होते, कागदाच्या जागी मेल येतो. साचा मात्र तोच राहतो. आजारपणाचं वर्णन चार ओळींत, विनंती दोन ओळींत आणि हातातल्या कामाबद्दल अवाक्षरही नाही.

शाळेत ते चालायचं, कारण विद्यार्थी आला नाही म्हणून दुसऱ्या कुणाचं काम अडत नसे. ऑफिसात अडतं. सकाळी उठल्यावर अंगात 102 ताप असेल, तर पाठवायचा मेल जातीने वेगळा असतो. सरकारी कचेरीत बदली झालेला माणूस ‘चार्ज’ देऊन जातो, रुग्णालयातली परिचारिका पाळी संपताना पुढच्या पाळीला प्रत्येक रुग्णाची स्थिती सांगून जाते. हा मेल त्या जातीचा आहे.

उदाहरण म्हणून एक दिवस घेऊ. तारीख 7 जुलै. पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात हिशेब पाहणारी एक कर्मचारी तापाने फणफणली आहे. तिच्या टेबलावर तीन कामं आहेत: बँकेच्या जमाखर्चाचा ताळमेळ, एका पुरवठादाराशी बिलाच्या फरकाबद्दल बोलणं आणि जूनमध्ये कापलेला 1,20,000 रुपयांचा टीडीएस सरकारजमा करणं.

पहिली दोन कामं दोन दिवस थांबली तरी चालतात. तिसरं थांबत नाही. जूनमध्ये कापलेला टीडीएस 7 जुलैपर्यंत भरावा लागतो. उशीर झाला तर दरमहा दीड टक्का व्याज लागतं आणि महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरला जातो. मोजणी कर कापल्याच्या तारखेपासून होते, आणि प्रत्यक्षात जून एक महिना, जुलै दुसरा महिना अशी धरली जाते. म्हणजे रक्कम 8 जुलैला भरली, तर एका दिवसाच्या उशिरापायी तीन टक्के, 3,600 रुपये जातात. ‘अर्जंट कामं बघून घ्या’ एवढंच लिहिलेला मेल म्हणूनच निरुपयोगी ठरतो. तीन कामांपैकी कुठलं आज जळतंय, हे फक्त तिलाच माहीत आहे.

तिचा मेल असा असायला हवा:

> विषय: आज (7 जुलै) आजारी रजा – टीडीएस आजच भरायचा आहे
>
> सर, रात्रीपासून ताप आहे, आज येऊ शकत नाही. डॉक्टरांकडे 11 वाजता जाते आहे. उद्या येईन की नाही, ते आज संध्याकाळी 6 पर्यंत कळवते.
>
> आजच व्हायला हवं असं एकच काम आहे: जूनचा टीडीएस, 1,20,000 रुपये. चलन काल तयार केलं आहे, पैसे भरलेले नाहीत. चलन आणि हिशेबाची शीट सामायिक फोल्डरमध्ये ‘टीडीएस – जून’ या नावाने आहे. स्टोअर्सच्या ताईंशी आताच फोनवर बोलले. त्या दुपारी 1 पर्यंत बँकेच्या साइटवर नोंद करतील. त्यानंतर आपली मंजुरी लागेल.
>
> बँकेचा ताळमेळ आणि पुरवठादाराचं बिल मी आल्यावर करीन.
>
> आज 1 ते 2 या वेळात फोन घेईन, टीडीएसबद्दल काही अडलं तर. एरवी झोपलेली असेन.

या मेलमधली सर्वांत मोलाची ओळ आहे ‘चलन तयार केलं आहे, पैसे भरलेले नाहीत’. काम कुठवर आलं आहे हे नेमकं सांगितलं नाही, तर दोनपैकी एक घडतं. मागचा माणूस चलन पाहून ‘झालंय’ समजतो, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करून दुसरं चलन बनवतो. ‘जवळजवळ झालंच आहे’ या शब्दांनी आजवर पुष्कळ मुदती हुकल्या आहेत.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे ताईंना आधी केलेला फोन. तीन जणांना मेल पाठवून ‘कुणीतरी करा’ म्हटलं, की तिघेही दुसरा करील असं धरून चालतात. सोपवलेलं काम घेणारा माणूस एकच हवा आणि त्याने होकार दिलेला हवा. ‘टू’मध्ये साहेब आणि तो माणूस, बाकीचे ‘सीसी’त.

एवढं करूनही काम अडतं ते बहुधा अधिकारावर. कंपन्यांच्या नेट बँकिंगमध्ये बरेचदा ‘मेकर’ आणि ‘चेकर’ अशी विभागणी असते: एकजण रक्कम भरून नोंद करतो, दुसरा मंजूर करतो. इथे आजारी पडलेली व्यक्तीच एकमेव मेकर असेल, तर फोल्डर, चलन, शीट सगळं जागेवर असूनही ताईंच्या लॉगिनमधून रक्कम भरताच येणार नाही. मग दुपारी फोन येतो: ‘तुझा पासवर्ड सांग, ओटीपी सांग.’ तो द्यायचा नाही आणि मेलमध्ये तर मुळीच लिहायचा नाही, कारण मेल पुढे कुणाकडे जाईल याचा भरवसा नसतो आणि त्या लॉगिनने झालेला प्रत्येक व्यवहार तिच्या नावावर नोंदला जातो. फाइल फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर असणं हा याच दुखण्याचा दुसरा प्रकार.

‘गरज लागल्यास फोन करा’ हे वाक्य सौजन्याचं वाटतं, पण ते दोन्ही बाजूंनी त्रास देतं. भिडस्त सहकारी दिवसभर फोन करत नाहीत आणि काम तसंच पडतं. बिनधास्त सहकारी दर अर्ध्या तासाने करतात आणि आजारी माणसाला डोळा लागत नाही. म्हणून वेळ, माध्यम आणि विषय तिन्ही सांगावे. अजिबात उपलब्ध नसाल तर तेही स्पष्ट लिहावं. तापात रेटून घरून चलन भरायला बसणं शहाणपणाचं नाही. आकडा किंवा वर्ष चुकलं, तर दुरुस्तीत दिवस जातात.

आजाराचा तपशील किती द्यावा? ‘ताप आहे’ एवढं पुरतं. आपल्याला आलेल्या मेलला आपोआप जाणारं उत्तर लावलंत, तर त्यात तेही नको. ते ग्राहकांपर्यंत, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचतं. तिथे आपण आज नाही आणि तातडीच्या कामाला कुणाशी बोलावं, इतकंच असावं.

या मेलने रजेची नोंद मात्र होत नाही. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याने त्याखाली येणाऱ्या कामगारांना वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली आहे. ती खात्यातून वजा करायची, की कंपनीची आजारी रजा वापरायची, डॉक्टरांचा दाखला कधी द्यायचा, हे कंपनीच्या नियमाप्रमाणे नंतर करता येतं. सकाळी आठ वाजता ते महत्त्वाचं नसतं.

टीडीएस भरला की चलनाची पावती मिळते, तिच्यावर बँकेचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक असतो. ताईंनी ती पावती त्याच मेलला उत्तर म्हणून जोडली, की काम झालं असं समजावं. ‘हो, करते’ या उत्तरावर विसंबू नये. आणि तुमच्या ऑफिसात बँकेचा दुसरा मेकर कोण आहे, हे अंगात ताप नसताना, याच आठवड्यात विचारून ठेवा. नसेल तर आजच एकाची नोंद करून घ्या.