किमान शिल्लक: 85 टक्क्यांनी पडणारा दंड आणि तो टाळायचा हिशेब

2023-24 या एका आर्थिक वर्षात सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून ग्राहकांकडून 2,331 कोटी रुपये वसूल केले. आदल्या वर्षी हीच रक्कम 1,855 कोटी होती. 2019-20 पासूनच्या पाच वर्षांची बेरीज 8,495 कोटींवर जाते. अर्थ राज्यमंत्र्यांनी जुलै 2024 मध्ये संसदेत दिलेले हे आकडे आहेत. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने, म्हणजे स्टेट बँकेने, हा दंड मार्च 2020 मध्येच बंद केला होता. तरीही बेरीज वाढत गेली. खासगी बँकांची वसुली या आकड्यांत धरलेलीच नाही.

त्यानंतर चित्र थोडं बदललं. 2025 मध्ये कॅनरा बँकेने 1 जूनपासून, तर पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनी 1 जुलैपासून साध्या बचत खात्यांवरचा हा दंड काढून टाकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने मात्र शहरी भागातल्या नव्या खात्यांसाठी सरासरी शिल्लक थेट 50,000 रुपये केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती 15,000 वर आणली. किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकेनेच ठरवायचं आहे, असं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी तेव्हा स्पष्ट केलं. त्यामुळे हा प्रश्न आज मुख्यतः खासगी बँकांच्या ग्राहकांचा आहे, आणि त्यांतही ज्यांचं सॅलरी खातं नोकरी सुटल्यावर तसंच मागे राहिलं त्यांचा.

सॅलरी खात्याला किमान शिल्लकीची अट नसते. पण साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की बहुतेक बँका ते खातं साध्या बचत खात्यात बदलतात. खाते क्रमांक, कार्ड, ॲप सगळं पूर्वीसारखंच राहतं. बदलते फक्त अट, आणि ती कळते पासबुकात दंडाची ओळ दिसल्यावर.

आता एक खातं घेऊन हिशेब मांडू. समजा, ठाण्यातल्या एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम करणाऱ्या बाईंचा पगार 24,000 रुपये आहे. खातं जुन्या नोकरीच्या काळातलं, आता साधं बचत खातं झालेलं. अट आहे महिन्याला सरासरी 10,000 रुपयांची. दंड आहे कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के किंवा 600 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. मोठ्या खासगी बँकांत दंडाची रचना साधारण अशीच असते.

बँक सरासरी काढते ती रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीची. दुपारी खात्यात 30,000 आले आणि संध्याकाळपर्यंत 28,000 गेले, तर त्या दिवसाचे धरले जातात फक्त उरलेले. 30 दिवसांच्या महिन्यात 10,000 ची सरासरी म्हणजे सगळ्या दिवसांच्या शिलकींची बेरीज 3,00,000 व्हायला हवी. आपण गाठायची ती ही बेरीज. पूर्ण महिनाभर 10,000 ला हात लावायचा नाही, असं अनेक जण धरून चालतात. तसं काही नसतं.

बाईंच्या खात्यात 1 ते 6 तारखेपर्यंत 2,000 रुपये होते; सहा दिवसांचे 12,000. सात तारखेला पगार आला, शिल्लक 26,000 झाली आणि तीन दिवस तशीच राहिली, 78,000. दहा तारखेला घरभाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून 15,000 गेले. पुढचे पाच दिवस 11,000 प्रमाणे 55,000. पंधरा तारखेला मुलीच्या क्लासची फी आणि वाण्याचं बिल यात 6,000 गेले. पुढचे दहा दिवस 5,000 प्रमाणे 50,000. पंचवीसला आणखी 2,000 काढले आणि शेवटचे सहा दिवस 3,000 प्रमाणे 18,000. एकूण बेरीज 2,13,000, म्हणजे सरासरी 7,100. कमी पडले 2,900. त्याचे 6 टक्के 174 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 205 रुपये 32 पैसे.

दोनशे रुपये फार वाटत नाहीत, म्हणूनच लोक ते सोडून देतात. पण 6 टक्क्यांवर जीएसटी धरला की दर होतो महिन्याला 7.08 टक्के आणि वर्षाला जवळजवळ 85 टक्के. दर महिना असाच गेला तर 2,900 रुपयांच्या तुटीपायी बाई वर्षाला सुमारे 2,464 रुपये भरतील. क्रेडिट कार्डाची थकबाकीसुद्धा सहसा इतकी महाग पडत नाही. आणि याच खात्यात असलेल्या पैशावर बँक देते अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हा दंड लागत नाही आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडूनच तो घेतला जातो. म्हणून मला हा दंड अन्यायाचा वाटतो.

खातं तसंच ठेवायचं असेल तर बेरीज कशी भरून काढायची? बाईंच्या महिन्यात तूट होती 87,000 ची. भाडं आणि हप्ता दहाऐवजी सोळा तारखेला गेला असता, तर 15,000 रुपये आणखी सहा दिवस खात्यात राहून बेरीज 90,000 ने वाढली असती. सरासरी 10,100 झाली असती आणि दंड शून्य. एक पैसाही जास्त न ठेवता, फक्त तारीख पुढे ढकलून. घरमालक थांबेलच असं नाही, पण कर्जाच्या हप्त्याची तारीख अनेक वित्तसंस्था अर्ज केल्यावर एकदा बदलून देतात. जास्तीत जास्त फरक पडतो तो पगार आल्यानंतरच्या आठवड्यातल्या मोठ्या रकमेमुळेच. महिनाअखेरीला चारपाचशे रुपये वाचवून फारसं काही होत नाही.

महिना सरत आल्यावर जाग आली, तर हिशेब असा करायचा: हव्या असलेल्या बेरजेतून आजवरची बेरीज वजा करा आणि उरलेल्या दिवसांनी भागा. चोवीस तारखेच्या रात्री बाईंची बेरीज 1,95,000 होती. हवेत आणखी 1,05,000, दिवस उरले सहा. म्हणजे रोज 17,500 शिल्लक हवी. पंचवीसनंतर असणार आहेत 3,000, म्हणून सहा दिवसांसाठी 14,500 रुपये दुसऱ्या खात्यातून इथे आणून ठेवावे लागतील. अठ्ठावीसला सकाळी हाच विचार केला तर तीन दिवसांसाठी 29,000 लागतील आणि शेवटच्या एका दिवसावर आलं तर 87,000. उशीर होईल तशी लागणारी रक्कम फुगत जाते, म्हणून वीस तारखेच्या सुमारास एकदा पाहावं. अनेक बँकांच्या ॲपमध्ये चालू महिन्याची सरासरी शिल्लक दिसते. नसेल तर खातेउताऱ्यावरून कागदावर मांडता येते. काही बँका तिमाही सरासरी धरतात. तिथे दिवस नव्वदच्या घरात जातात, एवढाच फरक. शिलकीतले जास्तीचे पैसे आपोआप मुदत ठेवीत वळवण्याची सोय घेतली असेल, तर ठेवीत गेलेली रक्कम सरासरीत धरतात का, हे आधी शाखेत विचारून घ्यावं.

हा खटाटोप वर्षातून एकदोन महिने करावा लागत असेल तर ठीक. दर महिन्याला करावा लागत असेल, तर खातंच बदलावं असं माझं मत आहे.

झीरो बॅलन्स खातं म्हणून जे मागायचं त्याचं नियमातलं नाव आहे मूलभूत बचत बँक ठेव खातं, बँकेच्या भाषेत बीएसबीडी. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये ते सर्व बँकांना बंधनकारक केलं. त्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा. ते मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वर्षाला एक लाखाचीच जमा आणि महिन्याला 10,000 चीच उचल, अशा मर्यादा अनेकांना सांगितल्या जातात, पण त्या आहेत पूर्ण केवायसी न देता उघडलेल्या छोट्या खात्यांच्या. आधार, पॅनसह पूर्ण केवायसी असलेल्या माणसाला त्या लागू होत नाहीत. काउंटरवर ही दोन खाती एक असल्यासारखं बोललं जातं आणि माणूस परत फिरतो.

खरी मर्यादा वेगळी आहे. महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत, पुढे बँक शुल्क लावू शकते. यातून काय होऊ शकतं ते आयआयटी मुंबईच्या अभ्यासातून 2021 मध्ये समोर आलं. स्टेट बँक अशा खात्यांवर चारनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला, डिजिटल व्यवहारालासुद्धा, 17 रुपये 70 पैसे घेत होती आणि 2015 ते 2020 या काळात तिने तीनशे कोटींहून जास्त रक्कम गोळा केली होती. डिसेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम दुरुस्त केले. 1 एप्रिल 2026 पासून यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस यांसारखे डिजिटल व्यवहार या चारांत मोजायचे नाहीत आणि ग्राहकाने लेखी मागणी केल्यावर सात दिवसांत साधं खातं बीएसबीडीत बदलून द्यायचं, असं त्यात आहे. रोजचा खर्च फोनवरून करणाऱ्या बाईंसाठी चारची मर्यादा त्यामुळे जवळजवळ उरत नाही.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. बीएसबीडी असलेल्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. असलं तर तीस दिवसांत बंद करावं लागतं. आणि आधीचा दंड बाकी असेल तर तो विचारून घ्यायचा, कारण खातं रिकामं असताना लागलेला दंड पुढे पैसे जमा झाल्यावर कापून घेण्याची पद्धत अनेक बँकांत आहे. अर्ज मूळ शाखेत दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. शाखा सहसा म्हणते, नवीन खातं उघडा. पण तुमच्या अर्जात रूपांतर असं स्पष्ट लिहिलेलं हवं, म्हणजे त्याच खात्याला जोडलेले गॅसचं अनुदान आणि विम्याचे हप्ते पुन्हा नव्याने जोडावे लागू नयेत म्हणून हेच खातं बदला, असा आग्रह धरता येतो.

आधीच कापलेला दंड परत मागता येतो का? नियम मोडला असेल तर येतो. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाप्रमाणे, शिल्लक कमी झाल्याचं बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि ती भरून काढायला एक महिना द्यायचा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणातच हवा आणि केवळ दंडामुळे शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. दोन वर्षं ग्राहकाने व्यवहारच न केल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यावर 1 एप्रिल 2024 पासून हा दंड लावताच येत नाही. म्हणून दंडाच्या तारखेआधीच्या महिन्यातले बँकेचे संदेश शोधा. सूचना आलेली नसेल तर तेवढंच लिहून बँकेकडे तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तीच तक्रार विनामूल्य नोंदवता येते. सोबत खातेउताऱ्यातली दंडाची ओळ आणि बँकेकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जोडावी.