कापूस स्वस्त मिळाला, पण गाठ महाग पडली

खामगावच्या जिनिंगमध्ये कापूस येतो क्विंटलने आणि बाहेर पडतो गाठीने. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला तो या कापसासाठीच. तेव्हापासून इथल्या जिनवाल्याला एकच प्रश्न पडत आला आहे : यंदा गाठ महाग पडली, ती बाजारामुळे की कारखान्यामुळे? अमेरिकेतले जी. चार्टर हॅरिसन यांनी १९११ च्या सुमारास प्रमाण खर्चाची पद्धत बांधली. तिच्यातली दोन छोटी गणिते या प्रश्नाचे उत्तर देतात. एक भाव तफावतीचे, दुसरे वापर तफावतीचे.

ही गणिते करण्याआधी ‘काय व्हायला हवे होते’ हे कागदावर मांडावे लागते. एका गाठीत १७० किलो रुई बसते. रुईचा उतारा ३४ टक्के धरला, तर एका गाठीला ५०० किलो, म्हणजे ५ क्विंटल कापूस लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ७,५२१ रुपये होता. हिशेब सोपा राहावा म्हणून आपला प्रमाण भाव ७,५०० रुपये धरू. म्हणजे एका गाठीमागे ३७,५०० रुपयांचा कापूस. पुढच्या उदाहरणातले बाकीचे आकडेही समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, एका आठवड्यात १०० गाठी बांधल्या. प्रमाणाने कापूस लागायला हवा होता ५०० क्विंटल. प्रत्यक्षात लागला ५१५ क्विंटल. खरेदी मात्र स्वस्तात झाली, ७,३५० रुपयांनी. खर्च ३७,८५,२५० रुपये झाला. तो ३७,५०,००० व्हायला हवा होता. ३५,२५० रुपये जास्त गेले. नुसता हा आकडा मालकासमोर ठेवला, तर खरेदी करणारा जिनच्या फोरमनकडे बोट दाखवील आणि फोरमन खरेदी करणाऱ्याकडे. म्हणून तो फोडायचा.

भाव तफावत काढताना दर क्विंटलला वाचलेले १५० रुपये प्रत्यक्ष वापरलेल्या ५१५ क्विंटलांनी गुणायचे. उत्तर येते ७७,२५० रुपये. ते वाचले, म्हणून ही तफावत अनुकूल. वापर तफावत काढताना जास्त लागलेले १५ क्विंटल ७,५०० च्या प्रमाण भावाने गुणायचे. उत्तर १,१२,५०० रुपये. ते जास्त गेले, म्हणून प्रतिकूल. दोन्हींची वजाबाकी केली की तेच ३५,२५० रुपये प्रतिकूल उरतात.

वापराच्या गणितात प्रत्यक्ष भाव का घ्यायचा नाही, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. कारण बाजार फोरमनच्या हातात नाही. भाव ६,००० झाला की त्याची नासाडी लहान दिसावी आणि ९,००० झाला की मोठी, हे बरोबर नाही. प्रमाण भाव लावला की १५ क्विंटलांची किंमत दर आठवड्याला एकाच मापाने मोजली जाते.

अनुकूल म्हणजे प्रमाणापेक्षा खर्च कमी, प्रतिकूल म्हणजे जास्त. या शब्दांचा अर्थ एवढाच. ती शाबासकी नाही आणि ठपकाही नाही. आपल्या आठवड्यात खरेदी करणाऱ्याचा रकाना ७७,२५० रुपयांनी उजळ दिसतो, फोरमनचा काळवंडतो. पण कापूस स्वस्त का मिळाला, हे अजून कुणी विचारलेलेच नाही.

त्यासाठी काट्यावरची वजने पाहावी लागतात. कापसातून रुईबरोबर सरकीही निघते आणि तीही विकली जाते. ५०० क्विंटल कापसातून १७० क्विंटल रुई, ३२५ क्विंटल सरकी आणि ५ क्विंटल घट, असे आपले प्रमाण धरू. त्या आठवड्यात रुई १७० क्विंटलच निघाली, पण सरकी ३३२ क्विंटल भरली आणि घट १३ क्विंटल झाली. म्हणजे जास्त लागलेल्या १५ क्विंटलांपैकी ७ क्विंटल सरकीत गेले आणि ८ क्विंटल कशातच सापडत नाहीत.

हे ८ क्विंटल बहुधा पाणी असते. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरतात, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो, त्यापुढे माल परत. आलेल्या कापसात ८ ऐवजी साडेनऊ टक्के ओलावा असेल, तर ५१५ क्विंटलांत साधारण एवढेच वजन वाळून जाते. खरेदीच्या वेळी लावलेल्या ओलावामापकाची नोंद हे लगेच सांगते. ओलावा बरोबर असूनही घट वाढली, तर कचरा वेगळा तोलावा. कचराही जास्त नसेल, तर मग काटा तपासावा.

आता नुकसान पुन्हा मांडू. पाण्यात गेलेल्या ८ क्विंटलांचे ६०,००० रुपये. सरकीत गेलेले ७ क्विंटल ७,५०० च्या हिशेबाने घेतले. सरकी ३,५०० ने विकली गेली असे धरले, तर तिथे २८,००० रुपये बुडाले. एकूण ८८,०००. भावात वाचले होते ७७,२५०. म्हणजे सरकी जमेस धरूनही १०,७५० रुपयांचा खड्डा उरतोच. खरेदी करणाऱ्याने ओल्या मालाला १५० रुपये कमी दिले, ते पाण्यापुरते पुरेसे होते. उतारा कमी असल्याची भरपाई त्यात नव्हती. फरदडीचा किंवा कवडी मिसळलेला कापूस घेताना नेमकी हीच चूक होते, कारण ओलावा यंत्राने कळतो आणि उतारा नमुना जिनून पाहिल्याशिवाय कळत नाही. फोरमनच्या नावावर लागलेली प्रतिकूल तफावत यार्डातच ठरलेली होती.

उलटही घडते. वापर तफावत अचानक अनुकूल झाली, तर मालकाने खूश होण्याआधी रुई हातात घेऊन पाहावी. सफाईचे यंत्र नीट चालत नसेल, तर कचरा रुईबरोबर गाठीत जातो. गाठ भरते, उतारा वाढलेला दिसतो आणि पुढे सूतगिरणी कचऱ्यापोटी भाव कापते. ती कपात या दोन गणितांत कुठेच दिसत नाही.

प्रमाणच चुकलेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. दिवाळीच्या सुमाराचा पहिल्या वेचणीचा कापूस ओलसर असतो; फेब्रुवारीतला कोरडा, पण त्याची प्रत उतरलेली. सगळ्या हंगामाला ३४ टक्के लावले, तर दर नोव्हेंबरात वापर तफावत प्रतिकूल येणारच. दर वर्षी त्याच महिन्यात तीच तफावत येत असेल, तर फोरमन बदलू नये, प्रमाण बदलावे.

जिनवाल्यांना एवढेच सांगणे आहे : खरेदीच्या पावतीवर भावाशेजारी ओलावा आणि नमुन्याचा उतारा लिहा, आणि भाव तफावत व वापर तफावत एकाच कागदावर, एकाच दिवशी पाहा.