हळदीच्या मंडपात रंगांचा उतार

हळदीला पांढऱ्यापासून केशरीपर्यंत उतरत जाणारी सजावट करायची असेल, तर सुरुवात फुलांपासून करावी. कापड आणि फुगे कितीतरी छटांत मिळतात. फुलांच्या छटा मात्र बाजारात असतील तेवढ्याच. पांढरी शेवंती, पिवळी शेवंती, पिवळा झेंडू, केशरी झेंडू या चार पायऱ्या सहज जमतात. ही फुलं सोबत नेऊनच कापड निवडावं, तेही दिवसाउजेडी. पिवळसर दिव्याखाली मोतिया आणि फिकट पिवळा सारखेच भासतात.

फुग्यांची गंमत वेगळी. रबर ताणलं की रंग फिका पडतो, म्हणून एकाच पाकिटातले फुगे कमीजास्त फुगवले तर छटा बदलते. मधला रंग मिळतच नसेल, तर पिवळ्या फुग्यात केशरी फुगा सरकवून दोन्ही एकत्र फुगवावेत. आमरसासारखा रंग येतो.

मांडताना गडद रंग खाली ठेवावा. दोन छटा भेटतात तिथे सरळ रेघ दिसली, तर उतार फसला समजा. तिथे पुढच्या रंगाची थोडी फुलं मागच्यात मिसळावीत.

फुगे उन्हात लवकर निस्तेज होतात. मंडप अंगणात असेल, तर ते त्याच सकाळी फुगवा.