कधी सोयीचं पडेल?

दिवाळी अंकाखेरीज आमचा एक अंक वसंतातही निघतो. त्याच्या मुखपृष्ठासाठी तिघांना एकत्र बोलायचं होतं: संपादक पुण्यात, चित्रकार लंडनमध्ये आणि ज्यांच्या कथेवर चित्र आहे त्या लेखिका न्यू जर्सीत. संपादकांच्या वतीने आमच्या उपसंपादकाने लिहिलेल्या मेलचा मसुदा माझ्याकडे आला तो असा:

“नमस्कार, सगळे मजेत ना? मागच्या वेळी मुखपृष्ठाचं बोलणं अर्धवटच राहिलं. आता अंक २० तारखेला छापायला द्यायचाय, त्याआधी एकदा भेटायला हवं. सरांना शुक्रवार सोडून कधीही चालेल, पण शनिवारी सकाळी ते छापखान्यात असतील, संध्याकाळी मोकळे आहेत. तेव्हा तुमच्याकडे किती वाजले असतील कोण जाणे. रविवारही चालेल, फक्त रात्री फार उशीर नको. तर कधी सोयीचं पडेल ते कळवा, आणि सोबतचे दोन नमुनेही बघून घ्या.”

यात खोटं काहीच नाही, उद्धटही काही नाही. तरीही अशा मेलला काय उत्तरं येतात हे ठाऊक असतं. एकजण लिहितो, “चालेल.” काय चालेल, ते कळत नाही. दुसरी व्यक्ती नमुन्यांबद्दल चार परिच्छेद लिहिते आणि वेळेचं विसरून जाते. मग परत विचारणा, परत उत्तर, आणि २० तारीख उंबरठ्यावर.

मी आधी वाक्यांना हात लावला नाही. मसुद्यातली माहिती तीन ढिगांत घातली. ठरवायला लागणारी: काम काय, किती वेळ, कोणते दिवस, मुदत कधीची. दुसऱ्या मेलची: दोन नमुने. कोणालाच नको असलेली: छापखाना, शुक्रवार, “कोण जाणे”. सर कधी मोकळे नाहीत हे वाचणाऱ्याला सांगून उपयोग नाही. ते वजा करून काय उरतं, हा हिशेब पाठवणाऱ्यानेच करायचा.

“किती वाजले असतील” हेही आपणच बघायचं, आणि मार्चमध्ये ते जपून बघायचं. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. भारतात घड्याळ हलत नाही. २०२६ साली हे रविवार ८ आणि २९ तारखेला आले. म्हणून १४ मार्चला न्यू जर्सी पुण्याच्या साडेनऊ तास मागे होती, आठवड्यापूर्वी साडेदहा. लंडन मात्र तेव्हाही साडेपाच तासच मागे. फेब्रुवारीतल्या बैठकीची वेळ तशीच उचलली असती, तर एकजण तासभर चुकला असता.

मेल झाली ती अशी:

विषय: मुखपृष्ठ बैठक, १४ की १५ मार्च?

नमस्कार,
मुखपृष्ठ नक्की करायला ३० मिनिटं ऑनलाइन भेटायचं आहे. अंक २० तारखेला छापायला जाईल.

अ) शनिवार, १४ मार्च: पुणे संध्याकाळी ७.००, लंडन दुपारी १.३०, न्यू जर्सी सकाळी ९.३०
आ) रविवार, १५ मार्च: पुणे रात्री ८.३०, लंडन दुपारी ३.००, न्यू जर्सी सकाळी ११.००

गुरुवारी १२ तारखेला, पुण्याच्या रात्री १० पर्यंत सांगाल का: अ, आ, दोन्ही, की एकही नाही?

प्रश्न एकच आणि तो शेवटी, म्हणजे वाचून संपताच उत्तर द्यायचं. “एकही नाही” हा पर्याय मुद्दाम ठेवला. तो नसेल तर अडचण असलेला माणूस गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं होकार की नकार ते कळत नाही. “दोन्ही” नसेल तर एकाचं अ आणि दुसऱ्याचं आ येऊन गाडं तिथेच अडतं. मुदतीपुढे “पुण्याच्या” लिहिलं, कारण गुरुवार प्रत्येकाचा वेगवेगळ्या वेळी संपतो.

उपसंपादक म्हणाला, “बाईंना हे फार तुटक नाही वाटणार?” शंका रास्त होती. लेखिका वयाने मोठ्या, आणि ओळखही जुनी. म्हणून “नमस्कार” खाली एक ओळ वाढवली: “तुमची कथा अंकात येते आहे, याचा आनंद आहे.” यापलीकडच्या गप्पा फोनवर. आणि माणसं सहा-सातच्या वर गेली की ही पद्धतही अपुरी पडते. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या वेळेपुढे खूण करायचा सामाईक तक्ताच बरा.

मेल चांगली झाली की नाही हे उत्तरांवरून कळतं. उत्तरात प्रश्न आला, तर आपल्याकडून काहीतरी राहिलं. न्यू जर्सीहून “दोन्ही” आलं, लंडनहून “आ”. सरांना दोन्ही वेळा चालणार होत्याच. मग तिघांना एकच ओळ गेली: “ठरलं, रविवार, १५ मार्च,” पुढे तिन्ही शहरांच्या वेळा आणि बैठकीची लिंक. नमुने वेगळ्या मेलने त्यानंतर गेले, आणि त्यावरचे चार परिच्छेद तिथे आले.