व्हिडिओचा कितवा दिवस?

‘गंगनम स्टाइल’ यूट्यूबवर आलं 15 जुलै 2012 रोजी. ‘डेस्पासितो’ आलं जानेवारी 2017 मध्ये. एप्रिल 2017 मध्ये कुणी दोघांचे आकडे शेजारी ठेवले असते, तर कोरियन गाणं अडीच अब्ज व्ह्यूजच्याही पुढे आणि स्पॅनिश गाणं जेमतेम एक अब्जावर दिसलं असतं. सामना संपला, असंच कुणालाही वाटावं. पण पहिला अब्ज गाठायला ‘गंगनम’ला 159 दिवस लागले होते आणि ‘डेस्पासितो’ला शंभराच्या आत. प्रसिद्ध झाल्यापासून किती दिवस झाले, हे धरून पाहिलं तर नवं गाणं केव्हाच पुढे निघालेलं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते सर्वाधिक पाहिलं गेलेलं गाणं ठरलं.

एवढ्या मोठ्या आकड्यांत जी गल्लत होते, तीच घरगुती चॅनेलवर दर महिन्याला होत असते. समजा, एका पाककृतींच्या चॅनेलवर 2 जुलैला भरल्या वांग्यांचा व्हिडिओ आला आणि 27 जुलैला थालीपिठाचा. महिनाअखेरीस हिशेब काढला तेव्हा वांग्यांना 9,000 व्ह्यूज आणि थालीपिठाला 4,000. घरात निकाल लागतो: लोकांना वांगी आवडली, थालीपीठ चाललं नाही. पण 31 जुलैला थालीपीठ चार दिवसांचं होतं आणि वांगी 29 दिवसांची. वांग्यांचा 6 जुलैचा आकडा, म्हणजे चार दिवसांच्या वयाचा, शोधून काढला तर तो निघतो 2,600. थालीपीठ त्याच्या दीडपट वेगाने निघालं आहे. जुलैच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच दिसणार नव्हती, कारण त्या तक्त्यात एकाला जवळजवळ पूर्ण महिना मिळाला आणि दुसऱ्याला महिन्याचं शेपूट.

अंगणवाडीत बाळाचं वजन नोंदवताना ताई तक्त्यावर त्याचं महिन्यांतलं वय पाहतात. आज तारीख काय, हे नाही. यूट्यूब स्टुडिओही हल्ली तेच करतो. नवा व्हिडिओ टाकला की मुख्य पानावर त्याचा क्रमांक दिसतो, दहापैकी कितवा. ही तुलना चॅनेलवरच्या अलीकडच्या व्हिडिओंशी असते आणि तीही तेवढ्याच वयाला: नवा व्हिडिओ दोन दिवस चार तासांचा असेल, तर बाकीच्यांचेही पहिल्या दोन दिवस चार तासांचेच व्ह्यूज धरले जातात. व्हिडिओच्या आलेखात मागे एक करडा पट्टा असतो. त्या चॅनेलचे व्हिडिओ त्या वयाला साधारण कुठे असतात, हे तो दाखवतो. रेघ पट्ट्याच्या आत असेल तर नेहमीसारखं चाललं आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही जण दर दोन तासांनी हा क्रमांक पाहून जीव खालीवर करतात, तो भाग वेगळा.

घोळ सुरू होतो तो स्वतःचा तक्ता मांडताना. रोजचे आकडे उतरवून घ्यायचे, प्रत्येक तारखेतून प्रसिद्धीची तारीख वजा करायची आणि व्हिडिओचं वय काढायचं. स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात दिवस आणि C मध्ये प्रसिद्धीची तारीख असेल, तर सूत्र इतकंच:

```
=B2-C2
```

ज्या दिवशी व्हिडिओ आला तो दिवस शून्य. आणि खरी मेख या शून्यातच आहे. यूट्यूबच्या रोजच्या आकड्यांचा दिवस भारतातल्या मध्यरात्री बदलत नाही, तो कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे बदलतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. जुलैमध्ये सकाळी अकराला टाकलेल्या व्हिडिओचा शून्य दिवस दीड तासात संपतो. संध्याकाळी सहाला टाकलेल्याला तोच दिवस साडेअठरा तासांचा मिळतो. दोघांचं वय तक्त्यात एकच लिहिलं जाईल, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत ही तफावत निकाल फिरवायला पुरते. अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र ती नगण्य होते. म्हणून दिवसांच्या आकड्यांवरून पहिल्या दिवसाचे निष्कर्ष काढू नयेत. तिथे तासांनी मोजणारा स्टुडिओच बरा. नाहीतर सगळे व्हिडिओ ठरावीक वेळेलाच टाकावेत.

दुसरी चूक सरासरीत लपते आणि ती जास्त फसवी असते. तीन व्हिडिओ आहेत असं धरू. सातव्या दिवसापर्यंत त्यांचे एकूण व्ह्यूज 5,000, 6,000 आणि 16,000, म्हणजे सरासरी 9,000. यातला तिसरा अजून सातच दिवसांचा आहे. आठव्या दिवसाच्या ओळीत त्यामुळे दोनच आकडे येतात, 5,200 आणि 6,300. सरासरी 5,750. आलेख धाडकन खाली येतो, खरं तर एकाही व्हिडिओचे व्ह्यूज कमी झालेले नाहीत. एकूण व्ह्यूजची रेघ एखाद्या वयाला अशी उतरताना दिसली, की समजावं, मध्येच कोणीतरी यादीतून गळलं आहे. उपाय साधा आहे. अठ्ठावीस दिवसांची तुलना करायची तर अठ्ठावीस दिवस पूर्ण न झालेले व्हिडिओ बाजूला ठेवायचे, मग त्यात कालपरवाचा लाडका व्हिडिओ असला तरी. शिवाय सरासरीऐवजी मधला आकडा घेतला, तर एखाद्या 16,000 वाल्याने सगळ्यांना वर ओढण्याचा प्रश्नही मिटतो.

पण वय सारखं केलं म्हणजे सगळं सारखं झालं असं नाही, आणि मराठी पाककृतींच्या बाबतीत तर नाहीच. उकडीच्या मोदकाचा एक व्हिडिओ गणेश चतुर्थीच्या दहा दिवस आधी टाकला आणि दुसऱ्या वर्षी दुसरा चाळीस दिवस आधी. चौदाव्या दिवशी दोघांना एका रांगेत उभं केलं तर पहिल्याच्या झोळीत चतुर्थी आलेली असते, दुसऱ्याच्या वाट्याला फक्त श्रावणातली तयारी. पहिला जिंकला, यात नवल काय? तो व्हिडिओ चांगला आहे की मुहूर्त, हे या तुलनेतून कळत नाही.

इथे कॅलेंडरची तारीखही दगा देते. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. जुन्या मोदक-व्हिडिओचे दोन्ही वर्षांचे सप्टेंबर ताडून पाहणाऱ्याला दुसऱ्या वर्षी आकडे कोसळलेले दिसतील, कारण सणाआधीची सगळी झुंबड ऑगस्टमध्येच उरकलेली असणार. अशा व्हिडिओंसाठी तिसरं मोजमाप लागतं: चतुर्थीला किती दिवस उरले. उणे दहा, उणे तीन, उणे एक असे दिवस मांडले की दोन्ही वर्षांच्या रेघा एकमेकींवर नीट बसतात, आणि मग खरोखर वाढ झाली की घट, ते दिसतं.

तारखेचा तक्ता फेकून द्यावा असंही नाही. एखाद्या दिवशी चॅनेलवरच्या जुन्या-नव्या सगळ्याच व्हिडिओंना एकदम भरती आली, तर कारण कुठल्या एका व्हिडिओत नसतं, बाहेर असतं. कुणा मोठ्या चॅनेलने नाव घेतलेलं असेल किंवा सलग सुट्ट्या आलेल्या असतील. वयानुसार मांडलेल्या तक्त्यात ती भरती एका व्हिडिओच्या तिसऱ्या दिवसात, दुसऱ्याच्या चाळिसाव्यात आणि तिसऱ्याच्या दोनशेव्यात विखुरते आणि ओळखूच येत नाही.

आणि कधी मोजायची फूटपट्टीच बदलते. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची पद्धत बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जातो, किमान किती वेळ पाहिलं याची अट नाही. त्यामुळे त्याआधीचा सात दिवसांचा शॉर्ट आणि त्यानंतरचा सात दिवसांचा शॉर्ट वयाने जुळे असले, तरी त्यांच्या व्ह्यूजची तुलना लागत नाही. जुन्या पद्धतीची मोजणी ॲनालिटिक्समध्ये Engaged views या नावाने अजून मिळते. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे शॉर्ट्स ताडायचे असतील तर तोच रकाना घ्यावा लागतो.