निवड शिबिरासाठी रजेचा ई-मेल

राष्ट्रीय शिबिराला बोलावणे येणे म्हणजे भारतीय संघात निवड होणे नव्हे. शिबिरात संभाव्य खेळाडू बोलावले जातात आणि त्यांतून अंतिम संघ निवडला जातो. नोकरी करणाऱ्या खेळाडूच्या रजेच्या अर्जातली खरी अडचण इथेच असते. शिबिराच्या तारखा ठरलेल्या असतात, पण पुढच्या स्पर्धेला जायचे की नाही, हे शिबिर संपेपर्यंत ठरत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांसाठी वर्षाला 30 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजेची तरतूद आहे. खासगी कंपनीत मात्र सहसा कंपनीचे नियम आणि व्यवस्थापकाची संमती यांवरच सारे अवलंबून असते. म्हणून तिथे ई-मेलचा मजकूर नेमका असावा लागतो.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या एका कंपनीच्या लेखा विभागात काम करणारी कबड्डीपटू घेऊ. तिचे शिबिर गांधीनगरला 5 ते 25 नोव्हेंबर असे 21 दिवसांचे आहे. जाण्यायेण्याचे दोन दिवस धरले तर रजा 4 ते 26 नोव्हेंबर, म्हणजे 23 दिवसांची होते. त्यातल्या सहा साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या की कामाचे 17 दिवस उरतात. तिची शिल्लक रजा 12 दिवसांची आहे. तिचा ई-मेल असा असू शकतो:

“विषय: राष्ट्रीय कबड्डी निवड शिबिरासाठी रजा, 4 ते 26 नोव्हेंबर

सर,
माझी राष्ट्रीय निवड शिबिरासाठी संभाव्य खेळाडू म्हणून निवड झाली आहे. महासंघाचे पत्र सोबत जोडले आहे. कामाच्या 17 दिवसांपैकी 12 दिवस शिल्लक रजा आणि 5 दिवस बिनपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती. 11 तारखेचे जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचे जीएसटीआर-3बी ही विवरणपत्रे सहकारी भरतील. त्यांची संमती घेतली आहे. लागणारी आकडेवारी मी 3 तारखेपर्यंत त्यांच्याकडे देईन. 27 तारखेला कामावर रुजू होईन. अंतिम संघात निवड झाल्यास स्पर्धेच्या रजेसाठी त्याच दिवशी वेगळा अर्ज करीन.”

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ते नसेल तर 27 तारखेनंतर वाढीव रजेचा निरोप आल्यावर व्यवस्थापकाला आपल्याला अंधारात ठेवले असे वाटते. उलट, स्पर्धेचे दिवसही आधीच धरून “साधारण दोन महिने” असे लिहिले, तर निवड न झाल्यास मागितलेली निम्मी रजा विनाकारण ठरते. ठरलेली रजा आणि संभाव्य रजा वेगळी ठेवली, तर आज होकार फक्त पहिलीलाच द्यावा लागतो.

कामाची व्यवस्थाही अशीच तारखांनिशी सांगावी लागते. “काम सांभाळून घेईन” एवढेच लिहिले, तर 11 तारखेचे विवरणपत्र कोण भरणार हे समजत नाही. शिबिरात सकाळ-संध्याकाळ सराव असतो, त्यामुळे तिथून कार्यालयाचे काम करण्याचे आश्वासनही देऊ नये.

तोंडी होकार मिळाला तरी ई-मेलवर लेखी उत्तर घ्यावे. शिबिराच्या तारखा पुढेमागे झाल्या, तर सुधारित पत्र जोडून त्याच ई-मेलला उत्तर म्हणून कळवावे, म्हणजे आधीची मंजुरी आणि झालेला बदल एकाच ठिकाणी राहतात.