पाच रेषांवरचा हिशेब

पाश्चात्त्य संगीताच्या शालेय परीक्षेत थिअरीचे प्रश्न मुख्यतः तीन प्रकारचे असतात: कागदावरचा स्वर ओळखा, बारमधल्या मात्रा पुऱ्या करा आणि दिलेल्या स्वरापासून स्केल लिहा. मुंबई, पुणे, गोवा इथे ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना हेच प्रश्न सुरुवातीच्या ग्रेडपासून सोडवावे लागतात. तिन्ही प्रकारांत एक ठरलेली खूण असते आणि तिच्यापासून मोजत जायचे असते. उत्तर चुकते ते बहुतेक वेळा खूण चुकीची धरल्यामुळे.

स्वर लिहिण्यासाठी पाच आडव्या रेषा आणि त्यांच्यामधली चार घरे वापरतात. या चौकटीला स्टाफ म्हणतात. रेषा खालून वर मोजायच्या. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी ही सात नावे क्रमाने फिरत राहतात आणि रेषेवरून घरात किंवा घरातून रेषेवर गेले की नाव एकाने बदलते. कोणती रेषा कोणत्या स्वराची, हे मात्र रेषा स्वतः सांगत नाहीत. ते सुरुवातीचे चिन्ह, म्हणजे क्लेफ, सांगते. ट्रेबल क्लेफचे वळण दुसऱ्या रेषेभोवती फिरते आणि ती रेषा जी स्वराची ठरते. बेस क्लेफचे दोन ठिपके चौथ्या रेषेच्या वर-खाली असतात आणि ती रेषा एफची असते.

समजा, मधल्या म्हणजे तिसऱ्या रेषेवर एक स्वर आहे. ट्रेबल क्लेफ असेल तर दुसरी रेषा जी, वरचे घर ए, म्हणून तिसरी रेषा बी. बेस क्लेफ असेल तर चौथी रेषा एफ, खालचे घर ई, म्हणून तिसरी रेषा डी. रेषा तीच, पण नाव वेगळे. ट्रेबलची सवय झालेली मुले बेसमध्येही तीच नावे लिहितात, तेव्हा पहिली नजर क्लेफवर टाकायला हवी. मोजणी बरोबर आहे का हे मिडल सीवरून पडताळता येते. स्टाफबाहेरच्या स्वरासाठी काढतात त्या आखूड रेषेला लेजर लाइन म्हणतात. ट्रेबलमध्ये मिडल सी स्टाफच्या खाली एका लेजर लाइनवर येतो, तर बेसमध्ये तोच स्वर स्टाफच्या वर एका लेजर लाइनवर.

स्वराची लांबी त्याच्या आकारावरून कळते. पोकळ आणि दांडी नसलेला सेमीब्रीव्ह, पोकळ पण दांडी असलेला मिनिम, भरीव आणि दांडी असलेला क्रॉचेट, दांडीला एक शेपटी जोडलेला क्वेव्हर. यातला प्रत्येक स्वर आधीच्याच्या निम्मा असतो. क्रॉचेट एक मात्रा धरला तर ही किंमत अनुक्रमे चार, दोन, एक आणि अर्धी मात्रा होते. स्वराच्या उजवीकडे ठिपका दिला की त्याची लांबी दीडपट होते, म्हणजे ठिपक्याचा क्रॉचेट दीड मात्रेचा. प्रत्येक लांबीच्या स्वराइतकाच लांब विराम असतो. त्याला रेस्ट म्हणतात.

सुरुवातीला एकाखाली एक दोन अंक येतात, ती टाइम सिग्नेचर. खालचा अंक कोणता स्वर मोजायचा ते सांगतो आणि वरचा तो एका बारमध्ये किती वेळा मावतो ते. खाली चार म्हणजे क्रॉचेट, आठ म्हणजे क्वेव्हर. तीनवर चार असलेल्या बारमध्ये ठिपक्याचा क्रॉचेट आणि एक क्वेव्हर दिला असेल, तर दीड अधिक अर्धी अशा दोन मात्रा झाल्या. उरलेल्या एका मात्रेसाठी क्रॉचेट रेस्ट टाकला की बार पूर्ण.

खरी अडचण सहावर आठमध्ये येते. तीनवर चार आणि सहावर आठ या दोन्हींत सहा क्वेव्हर मावतात. पण तीनवर चारमध्ये ते दोन-दोनच्या तीन गटांत बसतात आणि सहावर आठमध्ये तीन-तीनच्या दोन गटांत. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन विभागांत मोजणाऱ्याला ही विभागणी ओळखीची वाटेल. आता सहावर आठच्या बारमध्ये सुरुवातीला फक्त एक क्रॉचेट दिला आहे आणि उरलेली जागा रेस्टने भरायची आहे. क्रॉचेट म्हणजे दोन क्वेव्हर, उरले चार. म्हणून पुष्कळ जण दोन क्रॉचेट रेस्ट टाकतात. बेरीज जमते, तरी उत्तर चुकते, कारण पहिला रेस्ट पहिल्या गटाची सीमा ओलांडून दुसऱ्यात शिरतो. आधी एक क्वेव्हर रेस्ट टाकून पहिला गट तीनचा करायचा, मग दुसऱ्या पूर्ण गटासाठी ठिपक्याचा क्रॉचेट रेस्ट. बार वाचताना गट नजरेला स्पष्ट दिसले पाहिजेत, हा यामागचा नियम.

स्केलच्या प्रश्नात मोजायचे असते ते स्वरांमधले अंतर. पियानोवर लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर, काळी-पांढरी दोन्ही धरून, एक सेमीटोन. असे दोन सेमीटोन म्हणजे एक टोन. पांढऱ्या पट्ट्यांत ई-एफ आणि बी-सी या दोनच जोड्यांमध्ये काळी पट्टी नसते, म्हणून तिथे अंतर फक्त सेमीटोनचे असते. मेजर स्केलची अंतरे ठरलेली आहेत: टोन, टोन, सेमीटोन, टोन, टोन, टोन, सेमीटोन. हीच रचना हिंदुस्तानी संगीतातल्या बिलावल थाटाची.

डी मेजर लिहायचा तर आधी डीपासून डीपर्यंत सातही नावे मांडायची: डी, ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. मग अंतरे तपासायची. डी-ई टोन आहे. ई-एफ सेमीटोन निघतो, हवा टोन, म्हणून एफला शार्प लावून तो एक सेमीटोन चढवायचा. एफ शार्प ते जी सेमीटोन, जी-ए टोन, ए-बी टोन. बी-सी पुन्हा सेमीटोन, म्हणून सीलाही शार्प. सी शार्प ते वरचा डी सेमीटोन, आणि स्केल पूर्ण.

पेटी वाजवणाऱ्याला हे दुसऱ्या वाटेने पडताळता येते. डी म्हणजे पांढरी दोन. तिच्यावर सा धरून बिलावलचे स्वर वाजवले, की गंधार काळी तीनवर येतो आणि निषाद वरच्या सप्तकातल्या काळी एकवर. याच पट्ट्या एफ शार्प आणि सी शार्पच्या. फरक एवढाच की सा कोणत्याही पट्टीवर धरता येतो, तर डी हे नाव एकाच पट्टीला बांधलेले असते.

काळी तीन या एकाच पट्टीला एफ शार्प आणि जी फ्लॅट अशी दोन नावे आहेत, आणि इथे मुले अडकतात. डी मेजरमध्ये जी फ्लॅट लिहिला तर कानाला फरक कळणार नाही, पण स्केलमध्ये एफ हे नाव येणार नाही आणि जी दोनदा येईल. प्रत्येक नाव एकदाच यायला हवे, म्हणूनच सात नावे आधी मांडून मग चिन्हे लावायची. एफ मेजर याची उलट बाजू दाखवतो. तिथे ए-बी टोन आहे आणि हवा सेमीटोन, म्हणून बीला फ्लॅट लावून तो उतरवायचा. ए शार्प लिहिला तर ए दोनदा येतो आणि बी गळतो.